चिमणीतली धूळ मोजायची तर आधी धुराचा वेग धरावा लागतो

भंडारा-गोंदिया बाजूला राइस मिल म्हटली की उकडा तांदूळ आला, उकडा म्हटला की वाफ आली, आणि वाफेसाठी बॉयलरमध्ये जाळायला मिलमधलंच धानाचं तूस. फुकटातलं इंधन आहे, पण त्या तुसात वजनाच्या साधारण पाचवा हिस्सा राखच असते, आणि ती राख चिमणीतून बाहेर पडली की आजूबाजूच्या घरांवरच्या कपड्यांवर, वाळत घातलेल्या मिरच्यांवर, विहिरीवर काळी-करडी झिलई चढते. मी काही वर्षं एका टेस्टिंग लॅबच्या स्टॅक टीममध्ये होतो, स्टॅक म्हणजे चिमणी, आणि माझं काम म्हणजे पेट्या घेऊन शिडीवर चढायचं न् धुरातली धूळ पकडून आणायची.

एकदा असाच वरच्या प्लॅटफॉर्मवर होतो तर खालून एक म्हातारे बाबाजी ओरडले, "काय करून राह्यला जी वरतं?" मी म्हटलं, "धूळ मोजून राह्यलो बाबाजी." तर ते म्हणे, "मंग एवढी मशीन कायले पाह्यजे? एक टोपली धर ना तोंडावर, जेवढी पडन तेवढी मोज."

मी तेव्हा हसलो, पण खरं सांगतो, प्रश्न एकदम नेमका होता. धूळ पकडायचीच आहे तर भोक पाडा, नळी घाला, पंप लावा, ओढा, गाळा, वजन करा, संपलं. एवढ्या हिशोबाची, तक्त्यांची, दर ५ मिनिटांनी व्हॉल्व्ह फिरवत बसायची गरज काय? गरज आहे, आणि ती एका छोट्याशा गोष्टीमुळे आहे. नळीने धूर किती जोरात ओढला यावर उत्तर बदलतं. एकाच चिमणीतून, त्याच तासाला, तुम्ही पास पण होऊ शकता आणि नापास पण, नुसता पंपाचा व्हॉल्व्ह कमीजास्त करून.

हे समजायला खळ्यावर जाऊ. धान उडवताना सूप उंच धरतो, वारा असतो, धान खाली सोडतो. पोचट, फोलपट, कचरा वाऱ्यासोबत बाजूला जाऊन पडतो आणि भरलेला दाणा जवळजवळ सरळ खाली पायाशी पडतो. वारा दोघांनाही सारखाच लागतो, पण दाणा जड आहे, त्याला एकदा दिशा मिळाली की तो सहजासहजी वळत नाही. चिमणीत पण हेच आहे, फक्त उलटं बघायचं. धूर खालून वर जातो आहे, त्यात बारीक धूळ आहे आणि जाड राखेचे कण आहेत. दोन-तीन मायक्रॉनच्या खालचे कण म्हणजे फोलपट, गॅस वळला की तेही वळतात. आणि वीस-तीस-पन्नास मायक्रॉनचे कण म्हणजे भरलेला दाणा (आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या), गॅस वळला तरी ते आपल्या सरळ रेषेत पुढे जातात. रस्त्याच्या वळणावर मोटरसायकल वळते आणि भरलेली ट्रॉली थेट बांधात जाते, तसंच.

आता या धुरात आपण एक नोझल धरतो. नोझल म्हणजे वाकडी, पातळ धारेची छोटी नळी, जिचं तोंड खाली, म्हणजे येणाऱ्या धुराच्या दिशेने असतं. तिच्या मागे पंप ओढतो आहे. तीन गोष्टी होऊ शकतात.

समजा चिमणीत धूर १० मीटर सेकंदाच्या वेगाने वर येतो आहे आणि नोझलमध्ये पण आपण बरोबर १० च्याच वेगाने ओढतो आहे. मग गॅसला नोझल आहे की नाही हे जणू कळतच नाही, तो सरळ आत जातो, त्याच्यासोबत बारीक कण पण जातात आणि जाड पण. जे बाहेर आहे तेच आत आलं. यालाच आयसोकायनेटिक म्हणतात. ग्रीक शब्द आहे, आयसो म्हणजे सारखा आणि कायनेटिक म्हणजे गतीचा. नाव मोठं आहे, अर्थ एवढाच की दोन्ही वेग सारखे ठेवायचे.

आता पंप जास्त उघडला आणि नोझलमध्ये २० चा वेग झाला. नोझलला जास्त गॅस पाहिजे, तो आजूबाजूचा गॅस पण ओढून घेतो, म्हणजे जो गॅस नोझलच्या बाजूने निघून जाणार होता तो वळून आत येतो. त्याच्यासोबत फोलपट, म्हणजे बारीक कण, येतात. पण जाड कण? ते ट्रॉलीसारखे सरळ निघून जातात. म्हणजे आत गॅस आला दुप्पट, बारीक धूळ आली दुप्पट, आणि जाड धूळ आली तेवढीच, जेवढी नोझलच्या तोंडासमोर होती. भागाकार करताना खाली दुप्पट गॅस आला, वर धूळ दुप्पट झाली नाही, तर आकडा कमी येणार.

आणि पंप कमी उघडला, नोझलमध्ये ५ चाच वेग ठेवला तर उलटं होतं. समोरून येणारा निम्मा गॅस नोझलमध्ये मावत नाही म्हणून बाजूने निघून जातो, पण त्यातले जाड कण वळत नाहीत, ते थेट आत घुसतात. गॅस निम्मा आणि जाड धूळ पूर्ण, आकडा जास्त येणार.

इथं एक गोष्ट डोक्यात नीट बसवा म्हणजे बाकी सगळं सोपं होते: जाड कण किती येणार हे पंप ठरवत नाही, नोझलचं तोंड किती मोठं आहे आणि चिमणीत धूर किती वेगाने येतो आहे हेच ठरवते. पंप फक्त गॅस आणि बारीक धूळ किती येणार एवढंच ठरवतो.

आता आकडे घालून बघू. एक ३ टनाचा तुसावरचा बॉयलर धरा, म्हणजे तासाला ३ टन वाफ देणारा. धूर आधी मल्टिसायक्लोनमधून, म्हणजे धूर गरगर फिरवून जाड राख खाली पाडणाऱ्या नळकांड्यांतून जातो, मग आयडी फॅन, म्हणजे धूर ओढून चिमणीत ढकलणारा पंखा, मग चिमणी. चिमणीचा आतला व्यास ८० सेंटिमीटर. प्रदूषण मंडळाने मिलला दिलेल्या संमतीपत्रात धुळीची मर्यादा १५० मिलिग्राम प्रति नॉर्मल घनमीटर लिहिली आहे. (हे नॉर्मल घनमीटर म्हणजे धूर सगळ्यांसाठी एकाच तापमान-दाबावर आणून मोजणे, नाहीतर गरम धूर फुगलेला असतो आणि आकडा फसवा दिसतो. आपल्याकडे यासाठी २५ अंश आणि ७६० मिलिमीटर पारा धरतात. कॉलेजात शून्य अंश शिकवलेलं असते म्हणून नवीन पोरं इथं हमखास चुकतात.)

धरून चला की या धुरात खरी धूळ १६० मिलिग्राम आहे, म्हणजे मिल थोडक्यात नापास आहे. त्यातली १०० जाड आणि ६० बारीक. आम्ही तासभर बरोबर वेगाने ओढलं आणि ०.७२ नॉर्मल घनमीटर गॅस आला. त्यात ७२ मिलिग्राम जाड आणि ४३ बारीक, एकूण ११५. भागा ०.७२ ने, १६० आले. नापास.

आता दुप्पट जोराने ओढलं. गॅस आला १.४४. जाड कण तेवढेच, ७२. बारीक दुप्पट, ८६. एकूण १५८, भागा १.४४ ने, ११० आले. पास! चिमणी तीच, राख तीच, बॉयलर तोच.

निम्म्या जोराने ओढलं तर गॅस ०.३६, जाड परत ७२, बारीक २२, एकूण ९४, म्हणजे २६० च्या आसपास. मिलमालकाचं ब्लडप्रेशर वाढणार.

प्रत्यक्षात सगळे कण असे दोनच जातीचे नसतात, मधलेही असतात जे अर्धवट वळतात, म्हणून खरी चूक याच्यापेक्षा थोडी कमी भरते. पण दिशा हीच असते. आणि एक लक्षात ठेवा, जिथं बॅग फिल्टर, म्हणजे धूर गाळणाऱ्या कापडी पिशव्या, लावलेल्या आहेत तिथं जाड कण आधीच अडकलेले असतात, चिमणीत फक्त फोलपट येतं, तिथं वेगाची चूक झाली तरी आकडा फार हलत नाही. नुसता सायक्लोन असलेल्या तुसाच्या बॉयलरवर मात्र जाड राख भरपूर निसटते, तिथंच ही चूक सगळ्यात महाग पडते. गंमत म्हणजे नेमक्या अशाच छोट्या बॉयलरवर लोक घाईघाईने, एकाच सेटिंगवर, चहा पीत सॅम्पल घेतात.

तर मग वेग सारखा ठेवायचा कसा, हे सांगतो.

सगळ्यात आधी जागा. चिमणीला एक भोक ठेवलेलं असते, पोर्टहोल म्हणतात, त्याला फ्लँज आणि झाकण असते. एक नाही, दोन पाहिजेत, एकमेकांना काटकोनात. आणि ते कुठंही नसतात. खालचं शेवटचं वळण किंवा फॅन जिथं आहे त्याच्या वर व्यासाच्या ८ पट अंतरावर, आणि चिमणीच्या वरच्या तोंडाच्या २ पट खाली, हा आदर्श नियम. आपल्या ८० सेंटिमीटरच्या चिमणीला म्हणजे ६.४ मीटर वर आणि १.६ मीटर खाली. कारण वळणावर नदीचं पाणी जसं एका काठाला जोरात आणि दुसऱ्या काठाला भोवऱ्यात फिरते तसंच धूर पण वळल्यावर काही अंतर गेल्याशिवाय सरळ होत नाही.

पोर्टमध्ये आधी पिटोट ट्यूब घालायची. दोन नळ्या पाठीला पाठ लावलेल्या, एकीचं तोंड धुराकडे, दुसरीचं उलटीकडे. धूर एका तोंडावर आपटतो तिथं दाब वाढतो, दुसऱ्या बाजूला कमी होतो, आणि दोन्हीतला फरक मॅनोमीटरवर पाण्याच्या मिलिमीटरमध्ये दिसतो. आपल्या चिमणीत सरासरी ६ मिलिमीटर आला. ६ मिलिमीटर पाणी म्हणजे साधारण ५९ पास्कल. धूर १४० अंशावर आहे, इतका गरम गॅस हलका असतो, इकडच्या हवेच्या दाबावर घनमीटरला ०.८३ किलो भरतो. मग:

वेग = ०.८४ × √(२ × ५९ ÷ ०.८३)

०.८४ हा त्या पिटोटचा स्वतःचा गुणांक, तिच्या कॅलिब्रेशनच्या कागदावर असतो. उत्तर येते १० मीटर सेकंदाला.

वर्गमूळ आहे म्हणून एक सावधगिरी: वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो, आणि उलट वेग कमी असेल तर दाब इतका बारीक होतो की वाचताच येत नाही. ३ मीटर सेकंदाच्या खाली धूर असला की मॅनोमीटरचं पाणी अर्धा-पाऊण मिलिमीटरपण हलत नाही. तिथं वाऱ्याने नळी हलली तरी आकडा बदलतो.

अजून एक तपासणी आहे जी बरेच जण टाळतात. पिटोट ९० अंशात फिरवायची, म्हणजे दोन्ही तोंडं धुराला आडवी होतात. धूर सरळ वर जात असेल तर मॅनोमीटर शून्य दाखवला पाहिजे. दाखवला नाही तर धूर गोल गोल फिरतो आहे. आयडी फॅनची नळी चिमणीत तिरपी, एका कडेने घुसवलेली असली की हे होतेच, ताकातल्या रवीसारखं. पिटोट फिरवत फिरवत शून्य कुठं येते ते बघायचं, आणि सगळ्या बिंदूंवरचा सरासरी कोन २० अंशाच्या वर गेला तर ती जागा सॅम्पलिंगच्या लायकीची नाही. कारण नोझलचं तोंड खाली आणि धूर येतो तिरपा, मग पंपाचा वेग कितीही बरोबर लावा, ट्रॉल्या तोंडाच्या बाजूनेच जाणार.

वेग कळला, आता नोझल. ठरलेल्या मापात येतात, पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर, त्यापुढचा ९.५३, मग १२.७. आपण ६.३५ घेतला. त्याच्या तोंडातून १० मीटर सेकंदाने गॅस जाऊ द्यायचा तर मिनिटाला १९ लिटर झाले. पण हे १९ लिटर चिमणीतले, १४० अंशावरचे, वाफेसकट. आपला मीटर खाली पेटीत आहे, तिथंपर्यंत येईपर्यंत गॅस थंड होतो आणि त्यातली वाफ बर्फात ठेवलेल्या काचेच्या बाटल्यांत पाणी होऊन बसते, उरलेला ओलावा सिलिका जेल पितो. मीटरवर ४० अंश तापमान आहे आणि धुरात १० टक्के वाफ होती, तर १९ चे थंड होऊन १४.४ झाले, वाफ गेली की १३. म्हणजे रोटामीटर, हा मिनिटाला किती लिटर गॅस जातो ते दाखवणारा उभा मीटर, त्यातला गोळा १३ लिटरवर धरायचा. (पंपाच्या ओढीमुळे मीटरमधला दाब थोडा कमी असतो, त्याची दुरुस्ती वेगळी करावी लागते, इथं सोडून देतो, नाहीतर लेख तक्ता होऊन जाईल.)

इथं समजलं असेल की १९ आणि १३ मध्ये गोंधळ केला तर काय होईल. नवीन पोरगा १९ काढतो आणि रोटामीटरवर १९ लावून देतो. दीडपट ओढ. आकडा आपोआप कमी, आणि कोणाला काही कळत पण नाही.

पण एवढ्यावर संपत नाही, कारण धूर चिमणीत सगळीकडे एकाच वेगाने जात नाही. भिंतीपाशी घासून हळू जातो, मधे जोरात. म्हणून एका जागी नळी धरून भागत नाही, आडव्या रेषेवर ६ बिंदू आणि दुसऱ्या पोर्टमधून काटकोनात ६, असे १२ बिंदू घेतो. ८० सेंटिमीटरच्या चिमणीत हे बिंदू आतल्या भिंतीपासून ३.५, ११.७, २३.७, ५६.३, ६८.३ आणि ७६.५ सेंटिमीटरवर येतात. सारखे अंतर नाही, कडेला दाट आणि मधे विरळ, कारण गोल ताटाचा कडेचा भाग दिसायला अरुंद वाटला तरी क्षेत्रफळ तिथंच जास्त असते. भाकरीचा काठ काढून टाकून बघा किती जाते ते. प्रोबवर, म्हणजे नोझल बसवलेल्या लांब नळीवर, आधीच चिकटपट्टीने खुणा करून ठेवायच्या, प्लॅटफॉर्मवर चढून फूटपट्टी शोधत बसायचं नाही. पोर्टचा पाइप चिमणीच्या बाहेर जेवढा आला आहे तेवढी लांबी त्यात मिळवायची, हे विसरलं की सगळे बिंदू एका बाजूला सरकतात.

प्रत्येक बिंदूवर ५ मिनिटं, एकूण तासभर. भिंतीजवळच्या बिंदूला पिटोट ४ मिलिमीटर दाखवते तर रोटामीटर १०.६ वर आणायचा, मधे ७ दाखवते तर १४ वर. हेच ते व्हॉल्व्ह फिरवत बसणं. तासभर एक माणूस मॅनोमीटर वाचतो, दुसरा व्हॉल्व्ह धरतो, तिसरा लिहितो. उन्हाळ्यात आमच्याकडे ४५ अंश, खाली गरम चिमणी, हातात वेल्डरचे मोजे, आणि वरून मालकाचा माणूस विचारतो, "झालं का हो भाऊ?"

सुरू करताना अजून एक हात राखायचा. आपल्या पद्धतीत, म्हणजे भारतीय मानक आयएस ११२५५ भाग १ मध्ये, गाळणी चिमणीच्या आतच असते, नोझलच्या लगेच मागे. थिंबल म्हणतात तिला, काचेच्या धाग्यांचं टोपण, बोटाला घालायच्या अंगुस्तानासारखं पण लांबुडकं. प्रोब आत घातल्यावर नोझलचं तोंड आधी धुराच्या उलट्या दिशेला ठेवायचं आणि काही मिनिटं तसंच तापू द्यायचं. थंड थिंबलवर ओला धूर आला तर त्यावर पाणी सुटते, ओली राख चिखल होऊन बसते आणि पंपाला गॅस ओढताच येत नाही. तापलं की पंप सुरू, त्याच क्षणी नोझल फिरवून तोंड धुराकडे.

त्याच्याही आधी गळती बघायची. नोझलच्या तोंडावर रबरी बूच लावायचं, पंप चालू करायचा, रोटामीटरचा गोळा खाली येऊन पडला पाहिजे. तो अधांतरी नाचत राहिला तर कुठल्यातरी जोडातून बाहेरची स्वच्छ हवा आत येते आहे, आणि ती हवा आपण चिमणीचा धूर म्हणून मोजणार आहे. थिंबलच्या मागच्या बाजूला गळती असली तर धूळ कमीच दिसते. बहुतेक वेळा दोषी असते ती बाटल्यांवरची वाळलेली रबरी बुचं.

सॅम्पल झालं की थिंबल चिमट्याने काढायचं, हात लावायचा नाही. लॅबमध्ये ते १०५ अंशाच्या ओव्हनमध्ये सुकवतो, डेसिकेटरमध्ये, म्हणजे कोरड्या हवेच्या बंद भांड्यात, थंड करतो आणि दशांश मिलिग्राम दाखवणाऱ्या काट्यावर तोलतो. आधीही तसंच सुकवून तोललेलं असते. दोन्ही वजनांतला फरक म्हणजे धूळ. नोझलच्या आतल्या वाकड्यात पण राख चिकटलेली असते, ती अॅसिटोनने धुवून, वाळवून त्यात मिळवायची. खूप जण ही धूळ सोडून देतात, आणि सोडलेली धूळ म्हणजे जाड कण, कारण वळणावर आपटतात तेच. थिंबलच्या काठाचे धागे होल्डरला चिकटून राहिले तर वजन उलट कमी भरते. अगदी स्वच्छ धुरावर मी वजाबाकीत उणे आलेलं पण पाहिलं आहे, धूळ शून्यापेक्षा कमी!

आता माझी स्वतःची फजिती. एका मिलवर गेलो होतो, नाव नाही घेत. हिशोब सगळा ६.३५ च्या नोझलचा केला, रोटामीटर बरोबर १३ च्या आसपास ठेवला, बारा बिंदू झाले, सगळं व्यवस्थित. लॅबमध्ये आकडा आला २९० च्या वर. मालक फोनवर तापला, म्हणे मागच्या वेळी १४०, भुसा तोच, सायक्लोन परवा साफ केला, तुम्ही काय मोजता कोण जाणे. मी पण अडून बसलो, आमचं बरोबर आहे म्हणून. संध्याकाळी पेटी आवरताना नोझल हातात आला आणि काहीतरी मोठा वाटला. व्हर्निअर लावला, ९.५३! पेटीत दोन्ही शेजारी-शेजारी होते, घाईत दुसराच बसवला. तोंडाचं क्षेत्रफळ सव्वादोनपट, आणि ओढ मात्र तेवढीच, म्हणजे आतला वेग निम्म्यापेक्षाही कमी. जाड कण सव्वादोनपट येऊन बसले. दुसऱ्या आठवड्यात स्वखर्चाने परत जाऊन सॅम्पल घेतलं, आणि तेव्हापासून नोझल बसवायच्या आधी व्हर्निअरने दोन दिशांनी मोजतो. धारेला चेप आला असला तर तोही त्यातच कळतो.

पण त्यावरून एक गोष्ट मनात राहून गेली. ती चूक पकडली गेली कारण आकडा जास्त आला आणि मालक ओरडला. तीच चूक उलट्या दिशेने झाली असती, आकडा कमी आला असता, तर ओरडणारं कोण होतं? मालक खूष, लॅब खूष, अहवाल फायलीत. मिरच्या वाळवणाऱ्या बाईला तर अहवाल आला होता हेच माहीत नसते. म्हणून कमी ओढीच्या चुका आपोआप सापडतात आणि जास्त ओढीच्या वर्षानुवर्षं राहतात, हे माझं मत आहे, कोणाला पटो न पटो.

बरं, आयसोकायनेटिक नीट झालं तरी ते त्या एका तासाचंच खरं असते. त्या दिवशी बॉयलर निम्म्या लोडवर चालवला, राख झाडायचं काम आदल्या दिवशी उरकून घेतलं, तर पद्धत बिचारी काय करणार, जे आहे ते मोजणार. म्हणून सॅम्पलच्या वेळी वाफ किती चालू होती आणि तूस किती जळत होतं याची नोंद त्याच कागदावर पाहिजे.

कोणाच्या हातात असा अहवाल आला, ग्रामपंचायतीत असो की मिलच्या ऑफिसात, तर वेग धरला होता की नाही हे घरी बसून तपासता येते. चार आकडे शोधायचे: नोझलचा व्यास, धुराचा वेग, किती मिनिटं सॅम्पल घेतलं आणि शेवटी किती नॉर्मल घनमीटर गॅस आला. सोबत धुराचं तापमान आणि ओलावा. आपल्या उदाहरणात ६.३५ च्या तोंडातून १० च्या वेगाने ६० मिनिटांत १.१४ घनमीटर गरम धूर जायला पाहिजे. तो १४० अंशावरून २५ वर आणला तर ०.८२ होतो (४१३ ने भागून २९८ ने गुणायचं, हे अंश नाहीत, २७३ मिळवून आलेले केल्विन आहेत). १० टक्के वाफ काढली की ०.७४. इकडचा हवेचा दाब ७४० आणि धरायचा ७६०, म्हणून ०.७२. अहवालात पण ०.७२ च्या आसपास लिहिलं असेल तर ओढ बरोबर होती. अहवालातला आकडा भागिले आपला आकडा, हे ९० ते ११० टक्क्यांत बसलं पाहिजे, एवढीच सूट असते.

एकदा ओळखीच्या सरपंचाने असाच एक कागद फोटो काढून पाठवला, "पाह्य बा भाऊ, हे बरोबर आहे का?" नोझल, वेग, वेळ जवळपास वरच्यासारखंच, आणि गॅस १.३८. भागाकार केला, १९२ टक्के. धूळ लिहिली होती ११८. मी त्याला म्हटलं, हे ११८ मोजलेले आहेत खरे, पण दुप्पट ओढून. त्याने विचारलं, "मंग खरे किती?" ते त्या कागदावरून कोणालाच सांगता येत नाही, कारण जाड किती न् बारीक किती हे थिंबल सांगत नाही. परत चढून, १३ वर गोळा धरूनच मोजावं लागते. आणि दुसऱ्या एका अहवालात तर नोझलचा व्यासच लिहिला नव्हता. तिथं हा हिशोब सुरूच होत नाही. तेव्हा अर्ज करताना फक्त अहवाल मागू नका, प्लॅटफॉर्मवर हाताने भरलेली फील्ड शीट मागा, बारा ओळींची, ज्यावर प्रत्येक बिंदूचा पिटोटचा आकडा आणि शेजारी रोटामीटरचा आकडा असतो. त्या बारा ओळींत रोटामीटरखाली बाराही वेळा एकच आकडा लिहिलेला दिसला, तर व्हॉल्व्हला कोणी हात लावला नव्हता.